मित्राच्या फोटोचे चित्रपटाच्या पोस्टरसारखे चित्र: प्रॉम्प्ट नेमका कसा लिहावा?

शाईचा ठिपका

माझ्या एका मित्राचा फोटो वापरून, प्रॉम्प्ट म्हणजे लेखी सूचना दिल्यावर चित्र काढणाऱ्या एआय साधनाकडून चित्रपटाच्या पोस्टरसारखे उभे चित्र तयार करून घ्यावे, असा माझा विचार आहे. त्याची संमती मी घेतली आहे. किंबहुना कल्पना त्याचीच आहे. फोटो कमरेपासून वरचा आहे, चित्राच्या डाव्या बाजूच्या खिडकीतून उजेड येतो आहे, त्याला दाढी आहे आणि त्याने चष्मा घातला आहे. मला रात्रीचे वादळी आकाश, चेहऱ्यावर नाट्यमय छायाप्रकाश आणि वरच्या भागात शीर्षकासाठी मोकळी जागा हवी आहे. शीर्षक मी नंतर स्वतः टाकणार आहे. सध्याचा प्रॉम्प्ट असा आहे:

```
cinematic movie poster of my friend, dramatic lighting,
empty space for title, no text, epic, 8k
```

यातून तीन अडचणी उद्भवतात. वरच्या भागात कुठल्याही लिपीत न बसणारी अक्षरे उमटतात, डोके जवळजवळ वरच्या कडेला जाऊन टेकते आणि चेहरा मित्राचा न राहता त्याच्या एखाद्या देखण्या चुलतभावाचा वाटतो. यांपैकी प्रॉम्प्टने काय सुधारता येईल आणि कशासाठी दुसरा मार्ग शोधावा लागेल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

कंदील

प्रॉम्प्ट फारच त्रोटक आहे. प्रकाशासाठी आणखी विशेषणे घाला, धुके, किरण, खोल सावल्या असे सगळे लिहा, आणि अक्षरे नकोत हे दोन-तीन वेळा ठासून सांगा. मी असेच करतो आणि चित्रे भव्य दिसतात.

चुनखडी

चुलतभाव देखणा असेल तर पोस्टरवर त्यालाच राहू द्यावे, मित्राची समजूत नंतर काढता येईल.

रूपरेषा

पोस्टरची मांडणी हे अनेक वर्षे माझे काम राहिले आहे आणि अलीकडे ही साधनेही मी नियमित वापरते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

प्रॉम्प्ट त्रोटक आहे हे कंदील यांचे म्हणणे बरोबर आहे, परंतु त्यात विशेषणांची नव्हे, तर ठावठिकाण्याची उणीव आहे. उजेड कुठून येतो, चेहऱ्याची कोणती बाजू अंधारात आहे, डोके चित्राच्या कोणत्या भागात आहे आणि वरच्या भागात प्रत्यक्ष काय दिसते, यांपैकी एकही गोष्ट त्यात सांगितलेली नाही. ‘8k’ लिहिल्याने चित्रातील पिक्सेल वाढत नाहीत. साधन जेवढ्या आकाराचे चित्र देते, तेवढेच ते देते.

अक्षरांचे कारण बहुधा ‘movie poster’ आणि ‘title’ हे दोन शब्द आहेत. ही साधने ज्या चित्रांवर घडली आहेत, त्यांत पोस्टर म्हटले की वर किंवा खाली अक्षरे असतातच, त्यामुळे हे शब्द वाचले की अक्षरांसारखे आकार तयार होण्याकडे कल जातो. ‘अक्षरे नकोत’ या वाक्यातही अक्षरांचा उल्लेख असतोच, म्हणून अनेक साधनांत त्याचा उलटा परिणाम होतो. नको असलेल्या गोष्टींसाठी वेगळा रकाना असेल तर ते तिथे जरूर लिहावे. मूळ वर्णनात मात्र ‘पोस्टर’ हा शब्दच टाळावा आणि पोस्टरसाठी काढलेल्या फोटोचे वर्णन करावे. पोस्टर त्याचे तुम्ही नंतर करणार आहात.

मोकळ्या जागेचेही तेच. ‘रिकामी जागा’ हे शब्द आपल्याला कळतात, परंतु चित्रात रिकामे असे काही नसते. तिथे आकाश असते, भिंत असते, धूर असतो. त्यामुळे ती जागा कशाने भरलेली आहे ते सांगावे: गडद, एकसारखा, फोकसबाहेरचा ढग, ज्यात काहीही तपशील नाही. ढग म्हटला आणि तपशील नको असे सांगितले नाही, तर वीज, पक्षी आणि चंद्र हमखास येतात.

तुमच्यासाठी मी असा प्रॉम्प्ट लिहीन:

```
Vertical 2:3 photo. Keep the man's face, glasses and beard
exactly as in the input photo. Chest-up, lower two thirds of frame.
Single soft key light from left of frame, slightly above eye level.
Right side of face in deep shadow, thin cold rim light on right edge.
Upper third: plain dark storm cloud, even, out of focus, no detail.
```

यात ‘left of frame’ असे मुद्दाम लिहिले आहे. नुसते ‘डावीकडून’ म्हटले तर चित्राची डावी बाजू की त्या माणसाची डावी बाजू, याबद्दल साधनाचा गोंधळ होतो.

मोडीवाचक

शीर्षकासाठी कोणता फॉन्ट वापरावा असा प्रश्न असल्यास माझे मत असे, की देवनागरीसाठी जाड शिरोरेषेचा आणि आतील पोकळ्या मोठ्या असलेला फॉन्ट घ्यावा. बारीक रेषेचा फॉन्ट गडद पार्श्वभूमीवर पांढऱ्या रंगात टाकला की दुरून वाचता येत नाही.

शाईचा ठिपका

मोडीवाचक, प्रश्न फॉन्टचा नव्हता, तरीही हे उपयोगी आहे. शीर्षकाला किती उंची लागेल याचा अंदाज आला, तर मोकळा भाग किती मागायचा हेही ठरवता येईल.

मोडीवाचक

मग मी योग्य धाग्यावर आलो आहे असे समजतो. देवनागरीला शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार यांच्यासाठी जागा लागते आणि खाली उकारासाठी. त्यामुळे ओळीची उंची केवळ अक्षराच्या उंचीवरून ठरवू नये. शीर्षक दोन ओळींचे असेल आणि वरच्या ओळीत दीर्घ उकार व खालच्या ओळीत रफार एकाखाली एक आले, तर ओळी जवळ घेताच ते एकमेकांत अडकतात. कागदावर शीर्षक एकदा लिहून पाहावे आणि सर्वांत वरच्या चिन्हापासून सर्वांत खालच्या चिन्हापर्यंतची उंची धरावी. आपले शीर्षक दोन ओळींचे असेल, तर वरचा एक तृतीयांश भाग मला पुरेसा वाटतो, परंतु त्याहून कमी मागू नये.

कंदील

अक्षरे साधनाकडूनच का लिहून घेऊ नयेत? हल्ली इंग्रजी शीर्षके बऱ्यापैकी बरोबर येतात.

मोडीवाचक

इंग्रजी येतात, पण देवनागरीत जोडाक्षरे अजूनही बऱ्याचदा मोडतात. ‘क्ष’ किंवा ‘त्र’ जवळून पाहावे. दुरून ते खरे वाटते आणि जवळ गेल्यावर दंडाला भलताच फाटा फुटलेला असतो. शिवाय शीर्षक चित्रात भाजले गेले, की एक मात्रा सुधारण्यासाठी पूर्ण चित्र पुन्हा काढावे लागते. वेगळ्या लेयरवर टाकलेले शीर्षक केव्हाही बदलता येते.

उन्हाची तिरीप

रूपरेषाताईंचा प्रॉम्प्ट उत्तम आहे, परंतु उजेडाची दिशा मूळ फोटोप्रमाणेच ठेवण्याचा आग्रह मला पटत नाही. आताची फोटो-संपादनाची साधने चेहऱ्यावरचा उजेड नव्याने मांडू शकतात. खिडकी डावीकडे आहे म्हणून पोस्टरमध्येही उजेड डावीकडूनच यावा, हे बंधन कशासाठी? वादळाच्या दृश्यात मागून येणारा उजेड अधिक नाट्यमय दिसतो.

रूपरेषा

बंधन नाही, परंतु त्याची किंमत चेहऱ्याच्या साम्यात मोजावी लागते, असे मी म्हणेन. मूळ फोटोत चित्राच्या उजव्या बाजूचा गाल सावलीत आहे. तुम्ही उजेड उजवीकडून मागितला, की जो गाल फोटोत नीट दिसतच नाही, तो साधनाला कल्पनेने रंगवावा लागतो. तिथे गालाचे हाड, नाकाची कड आणि दाढीची रेषा ‘साधारण माणसाची’ येते, आणि ‘चुलतभाव’ नेमका तिथून उगवतो. उलट जी बाजू फोटोत उजळ आहे तीच उजळ ठेवली, तर ओळख पटवणारा बहुतेक भाग फोटोतूनच येतो आणि सावलीची बाजू आणखी गडद केल्याने काहीच बिघडत नाही.

मागून येणाऱ्या उजेडाबद्दल तुमचे म्हणणे योग्य आहे, परंतु तो कडेपुरता ठेवावा: खांदा, कान, केसांची कड. मुख्य उजेडच मागे नेला, तर चेहरा काळवंडतो आणि मग मित्राचा फोटो वापरण्याचे प्रयोजनच उरत नाही.

उन्हाची तिरीप

तुमचा मुद्दा समजला, तरी मी पूर्ण सहमत नाही. फोटो समोरून, सपाट उजेडात काढलेला असेल, तर दोन्ही गाल दिसतात आणि मग उजेड कोणत्याही बाजूला नेता येतो. माझ्याकडे असे काही नमुने आहेत ज्यांत चेहरा अगदी ओळखू येतो.

रूपरेषा

सपाट उजेडाच्या फोटोबाबत हे मान्य आहे. ढगाळ दिवशी काढलेला फोटो त्यासाठी चांगला. या धाग्यातला फोटो मात्र खिडकीच्या उजेडातला आहे.

अर्धविराम

माझा अनुभव थोडा वेगळा आहे. मी बहिणीचा फोटो वापरला होता, जो तिने स्वतः हात लांब करून मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढला होता. प्रत्येक वेळी चित्रात नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसत आणि मी प्रॉम्प्टमध्येच दोष शोधत राहिले. नंतर तिनेच दाखवून दिले, की मूळ फोटोतच तसे आहे. कॅमेरा चेहऱ्याच्या फार जवळ असला की पुढचा भाग मोठा दिसतो. थोड्या अंतरावरून कुणीतरी काढलेला फोटो दिल्यावर तोच प्रॉम्प्ट नीट चालला. धागाकर्तीने आपला फोटो किती अंतरावरून काढलेला आहे, ते एकदा पाहावे.

शाईचा ठिपका

फोटो मीच खोलीच्या दुसऱ्या टोकावरून काढला आहे, त्यामुळे ती अडचण नसावी.

रूपरेषाताईंचा प्रॉम्प्ट वापरून पाहिला. अक्षरे पूर्णपणे गेली आणि वरचा ढग खरोखर साधा आला. डोके मात्र अजूनही वरच्या एक तृतीयांशात थोडेसे घुसते. चेहरा बराच जवळ आला आहे, पण काहीतरी खटकते आणि नेमके काय ते सांगता येत नाही. चित्र मोठे करून पाहिले, तेव्हा चष्म्याच्या डाव्या काचेत खिडकीच्या चौकटीचे प्रतिबिंब दिसले, गजांसकट. मागे वादळी आकाश आणि चष्म्यात खोलीतली खिडकी!

चुनखडी

नायक वादळात उभा आहे, पण मन घरात आहे, असे कथासूत्र ठेवावे. समीक्षक खूश होतील.

रूपरेषा

प्रतिबिंबाचे कारण माझ्याच ओळीत आहे: चष्मा ‘जसाच्या तसा’ ठेवा असे सांगितल्यामुळे साधनाने काचेतली खिडकीही जपली. ते संपादनात काढणे सोपे आहे; फक्त काचेचा भाग निवडून तिथे ‘गजांशिवाय एकच मऊ चमक’ एवढेच मागावे. चमक पूर्ण काढू नये, कारण उजेडाच्या बाजूला काचेवर काहीच चमक नसेल तर चष्मा काचेविना वाटतो.

‘काहीतरी खटकते’ याचा शोध घेण्यासाठी तीन ठिकाणी पाहावे. डोळ्यांतील उजेडाचा ठिपका कोणत्या बाजूला आहे, नाकाची सावली कुठे पडते आणि हनुवटीची मानेवरची सावली कुठे पडते. तिन्ही एकाच उजेडाशी जुळली पाहिजेत. अनेकदा चेहरा मूळ फोटोतून येतो आणि मान व कपडे नव्याने रंगवले जातात, त्यामुळे नाकाची सावली उजवीकडे आणि मानेची सावली सरळ खाली पडलेली असते. मग चेहरा चिकटवल्यासारखा वाटतो, तरी बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही.

शाईचा ठिपका

अगदी तेच आहे. नाकाची सावली उजवीकडे जाते आणि हनुवटीखाली मात्र समोरून दिवा लावल्यासारखी सममित सावली आहे.

रूपरेषा

मग शेवटच्या ओळीच्या आधी एवढे घाला:

```
Neck, collar and shoulders lit by the same left key light;
chin shadow falls toward right of frame.
```

आणि एक गोष्ट पाळावी. आलेल्या चित्रावर पुन्हा, त्याच्यावर पुन्हा असे संपादन करत जाऊ नये. यांतील बरीच साधने प्रत्येक वेळी पूर्ण चित्र नव्याने रंगवतात, त्यामुळे दर फेरीला चेहरा किंचित सरकतो आणि तीन-चार फेऱ्यांनंतर तो कुणाचाच राहत नाही. प्रॉम्प्ट सुधारावा आणि दर वेळी मूळ फोटोपासून सुरुवात करावी. काचेसारखी छोटी दुरुस्ती सर्वांत शेवटी, तेवढाच भाग निवडून करावी.

गवताची पात

मला हा सगळा खटाटोप उलट्या बाजूने करावासा वाटतो. आधी साध्या संपादन ॲपमध्ये 1024 × 1536 पिक्सेलचा उभा कॅनव्हास घ्यावा, त्यावर मित्राचा फोटो हवा तेवढा आणि हवा तिथे ठेवावा, डोक्याचे टोक वरून 512 पिक्सेलच्या रेषेच्या खाली येईल असे पाहावे आणि मग चेहरा व चष्मा मास्कने झाकून फक्त उरलेला भाग साधनाकडून भरून घ्यावा. यात चेहऱ्याचे पिक्सेल मूळचेच राहतात आणि डोके वर घुसण्याचा प्रश्न उद्भवतच नाही, कारण जागा आपणच ठरवलेली असते. प्रॉम्प्टने मांडणी करवून घेणे म्हणजे शेजाऱ्याला फोनवरून आपले कपाट लावायला सांगण्यासारखे आहे.

रूपरेषा

डोके वर घुसण्यावर हाच उत्तम उपाय आहे आणि मीही बहुतेक वेळा असेच करते. चेहरा किती मोठा ठेवावा याचा अंदाज असा: हनुवटीपासून केसांपर्यंतची उंची चित्राच्या साधारण चतुर्थांश, म्हणजे 1536 पैकी सुमारे 380 पिक्सेल. याहून फार लहान ठेवल्यास डोळे आणि ओठ यांच्या वाट्याला इतके कमी पिक्सेल येतात, की साम्य टिकत नाही.

अडचण फक्त मास्कच्या कडेची. चेहरा खिडकीच्या उबदार उजेडातला आणि भोवताल थंड निळा असला, तर कड उघडी पडते. म्हणून मास्कची कड मऊ ठेवावी, ती गालावरून न नेता केसांतून आणि दाढीच्या टोकांतून न्यावी, आणि शेवटी संपूर्ण चित्रावर एकच रंगछटा चढवावी, म्हणजे दोन्ही भाग एकाच दृश्यातले वाटतील. छायाप्रकाश अधिक गडद हवा असेल, तर सावलीची बाजू हाताने गडद करावी. उजळ बाजूला हात लावू नये.

उन्हाची तिरीप

पण मग चेहऱ्यावरचा उजेड नाट्यमय कसा होणार? खिडकीचा उजेड खिडकीचाच राहतो. मास्क लावला की चेहरा सुरक्षित आणि निर्जीव, असे मला वाटते.

गवताची पात

खिडकीचा उजेड सौम्य असतो हे खरे, पण सावलीची बाजू गडद केल्यावर तो आश्चर्यकारक बदलतो. रेम्ब्रांच्या व्यक्तिचित्रांत सावलीकडच्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा एक छोटा त्रिकोण दिसतो, तो एका बाजूने आणि थोड्या वरून आलेल्या उजेडातूनच येतो. फोटोत तसा त्रिकोण असेल, तर तो तेवढा राखून भोवतालचे सगळे काळे करावे. नसेल तर निव्वळ मास्कने तो येणार नाही, हे मात्र मान्य.

शाईचा ठिपका

त्रिकोण आहे! आजवर मी तो डाग समजत होते.

कंदील

मोकळ्या जागेबद्दल एक सोपा मार्ग सुचवतो. वर काहीही आले तरी चित्राच्या वरच्या भागावर काळ्यापासून पारदर्शकाकडे जाणारी छटा द्यावी. एवढे वर्णन लिहिण्याची गरजच नाही.

मोडीवाचक

अर्धे काम त्याने होते. गडद तपशील छटेखाली झाकला जातो, परंतु वीज किंवा ढगाची उजळ कड झाकण्यासाठी छटा इतकी दाट करावी लागते, की वरचा भाग पडदा टाकल्यासारखा दिसतो. आधी साधा ढग मिळवावा आणि मग हलकी छटा द्यावी. जागा खरोखर मोकळी आहे का हे तपासण्यासाठी चित्र नखाएवढे लहान करून पाहावे. त्या आकारातही वर कशावर तरी नजर अडली, तर शीर्षकही तिथेच अडखळेल.

अर्धविराम

शीर्षक वरच असावे असे का गृहीत धरले आहे? खाली छातीचा भाग गडद होत जातो, तिथे ते सहज बसते आणि डोक्यावर ओझेही येत नाही.

रूपरेषा

दोन्ही चालते. खाली ठेवायचे असल्यास छातीवरच्या कपड्यांचा तपशील मरायला हवा, आणि कलाकार-तंत्रज्ञांच्या नावांच्या अरुंद अक्षरांच्या ओळी पारंपरिकरीत्या तळाशीच असतात, त्यामुळे जागेसाठी भांडण होते. तशा ओळी टाकायच्या नसतील, तर खालची जागा मलाही आवडते. येथे मित्राची नजर कुठे आहे यावर मी ठरवीन.

शाईचा ठिपका

नजर किंचित वर, खिडकीच्या बाहेर आहे.

रूपरेषा

मग वर. बघणाऱ्याची नजर त्याच्या नजरेमागून शीर्षकापर्यंत जाईल. शीर्षक मधोमध न ठेवता डावीकडे ओढून पाहावे.

अर्धविराम

मला तरी खालचेच अधिक शांत वाटते. असो.

दुहेरी अवतरण

हे छापायचे असल्यास एक सूचना. 1024 × 1536 पिक्सेलचे चित्र 12 × 18 इंचांवर छापले, तर इंचाला जेमतेम 85 पिक्सेल पडतात. जवळून पाहण्याच्या छपाईसाठी 300 धरतात, म्हणजे 3600 × 5400 पिक्सेल लागतील. चित्र मोठे करणारी साधने हे करतात, परंतु त्यांतील काही त्वचा आणि डोळे स्वतःच्या मनाने ‘सुधारतात’. त्यामुळे चित्र मोठे करून घ्यावे आणि नंतर मूळ फोटोतला चेहरा त्यावर पुन्हा बसवावा. मोबाईलच्या फोटोत तेवढे पिक्सेल सहसा असतातच. शीर्षक त्यानंतर, मोठ्या फाईलवर टाकावे. आणखी एक म्हणजे पडद्यावर गडद राखाडी दिसणारा भाग कागदावर सरसकट काळा होतो. सावलीकडचा डोळा पडद्यावर जेमतेम दिसत असेल, तर छपाईत तो नाहीसा होईल, म्हणून छपाईच्या प्रतीत सावल्या किंचित उचलाव्यात आणि आधी छोटा तुकडा छापून पाहावा.

शाईचा ठिपका

सर्वांचे आभार. गवताची पात यांच्या पद्धतीने कॅनव्हास मांडला, चेहरा मास्कखाली ठेवला आणि रूपरेषाताईंचा प्रॉम्प्ट चेहऱ्याची ओळ वगळून वापरला. डोके 512च्या खाली राहिले, ढग साधा आहे, त्रिकोण शाबूत आहे, मानेची सावली उजवीकडे पडते. चष्म्यातले गज काढून एक चमक ठेवली. एकच गोष्ट उरली आहे: उजव्या खांद्यावर मागितलेली थंड उजेडाची कड खांद्यावर आली, पण मास्कमुळे कानावर आणि गालावर आली नाही, त्यामुळे ती मानेपाशी अचानक तुटते.

गवताची पात

उजव्या कानापुरता मास्क मागे घ्यावा. कान नव्याने रंगवला गेला, तरी ओळख पटण्यात फारसा फरक पडत नाही.

उन्हाची तिरीप

किंवा मास्क पूर्ण काढून एकदा माझ्या मार्गाने करून पाहावे आणि दोन्ही चित्रे येथे टाकावीत.

शाईचा ठिपका

आधी कानाचे करून पाहते. दोन्ही चित्रे येथे टाकण्यापूर्वी मात्र मित्राला विचारावे लागेल, कारण त्याने पोस्टरला होकार दिला आहे, येथे चेहरा दाखवण्याला नाही.

चुनखडी

तोपर्यंत चुलतभावाचे टाका.